डोळ्यातलं मलम: एक सेंटिमीटरची रेघ

डोळ्यात थेंब घालणं बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला जमतं. मलमाच्या ट्यूबचं मात्र तसं नसतं. कुणी ती बोटावर घेऊन काजळासारखी पापणीच्या कडेला फिरवतं, कुणी मिटलेल्या पापणीवर बाहेरूनच चोळतं, तर कुणी डोळा उघडून थेट बुबुळावर पिळतं. तिन्ही वेळा औषध हवं तिथे हवं तेवढं पोचत नाही. बरोबर घातलं गेलं, तर लगेच दुसरी काळजी सुरू होते. समोरचं सगळं धूसर दिसायला लागतं, माणूस घाबरतो, डोळा पुसून टाकतो आणि पुढच्या वेळी ट्यूबला हात लावायला नको म्हणतो. खरं तर हे धूसर दिसणं अपेक्षितच असतं. ते किती वेळ टिकावं आणि कशा प्रकारचं असावं, हे माहीत असलं की घाबरायचं कारण उरत नाही. शिवाय खरा धोका आला, तर तोही वेळेवर ओळखता येतो.

हे समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. उसाच्या पट्ट्यातले बासष्ट वर्षांचे एक शेतकरी, घरातले सगळे त्यांना आबा म्हणतात. तोडणीच्या दिवसांत फडात वाकून काम करताना उसाचं पान त्यांच्या उजव्या डोळ्याला लागलं. उसाच्या पानाची कड बारीक दातेरी असते, ती पात्यासारखी कापते. डोळ्यातून पाणी वाहू लागलं, काहीतरी खुपल्यासारखं वाटू लागलं, उजेड सहन होईना. तालुक्याच्या गावी डोळ्याच्या डॉक्टरांनी केशरी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, हिरवा चमकणारा ओरखडा दिसला. पान कुठे रुतून राहिलेलं नव्हतं, भोक पडलेलं नव्हतं, वरचा थर तेवढा खरवडला गेला होता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलम दिवसातून ४ वेळा, ५ दिवस लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला सांगितलं. मलम घालायचं काम सुनेकडे आलं.

थेंब का दिले नाहीत, असा प्रश्न घरात निघाला. डोळ्यात जेमतेम एका थेंबाइतकीच जागा असते, त्यातही थेंबाचा बराच भाग गालावर ओघळतो. उरलेलं औषध पापण्यांची उघडझाप होत असताना नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात आणि घशात उतरतं. थेंब घातल्यावर घशाशी कडू लागतं ते म्हणूनच. मलमाचा मूळ घटक पॅराफिनसारखा स्निग्ध पदार्थ असतो. तो अश्रूंबरोबर पटकन वाहून जात नाही. डोळ्याच्या उबेने हळूहळू मऊ होतो आणि त्यात मिसळलेलं औषध बराच वेळ डोळ्याला देत राहतो. खरवडलेल्या जागेवर पापणी घासली जाते तेव्हा हाच स्निग्धपणा वंगणाचं कामही करतो, त्यामुळे खुपणं थोडं कमी होतं. धूसर दिसण्याचं कारणही हाच स्निग्धपणा आहे. औषध डोळ्यात टिकायला हवं असेल, तर काही वेळ अंधुक दिसणं त्याबरोबर येणारच.

ट्यूब उघडण्याआधी

सूनबाईंनी पहिल्यांदा वेष्टनावरचा मजकूर वाचला, ते बरं केलं. डोळ्याच्या मलमावर ‘ऑप्थॅल्मिक’ किंवा ‘आय ऑइंटमेंट’ असं लिहिलेलं असतं. त्याच औषधाची त्वचेवर लावायची ट्यूबही दुकानात मिळते आणि दोन्ही वेष्टनं दिसायला जवळपास सारखी असू शकतात. डोळ्याचं मलम निर्जंतुक करून भरलेलं असतं, त्वचेचं तसं असेलच असं नाही. त्यातले बाकीचे घटक डोळ्याला झोंबू शकतात. चश्मा न लावता ट्यूब उचलू नये, हा नियम घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तर हवाच.

ट्यूब थंड असेल तर मलम घट्ट होतं, बाहेर यायला वेळ लागतो आणि मग जोर लावताना नको तेवढं येतं. थंडीच्या दिवसांत ट्यूब टोपण लावलेल्या अवस्थेत दोन-तीन मिनिटं मुठीत धरली की पुरेशी मऊ होते. गरम पाण्यात बुडवायची गरज नाही. मग साबणाने हात धुवायचे, कारण बोट पापणीला लागणार आहे. डोळ्याला चिपडं धरली असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसून तो टाकून द्यायचा. चिपडं तशीच ठेवली तर मलम त्यांनाच चिकटून बसतं.

नव्या ट्यूबमधून पहिल्यांदा येणारा थोडासा भाग स्वच्छ कागदावर पिळून टाकून द्यायचा, म्हणजे तोंडाशी अडकलेली हवा निघून जाते आणि मलम अखंड यायला लागतं. टोपण काढून ओट्यावर ठेवताना त्याचं उघडं तोंड खाली टेकणार नाही, एवढं पाहायचं.

रेघ कुठे पडली पाहिजे

आबांना पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसवलं. मान हलू लागली तर सरळ गादीवर आडवं करणंच सोपं पडतं, विशेषतः ज्यांची मान थरथरते किंवा ज्यांना चक्कर येते त्यांना. “आबा, मान मागे टाका आणि वर आढ्याकडे बघा. बोटाकडे बघू नका,” सूनबाई म्हणाल्या. वर बघायला सांगण्यामागे कारण आहे. नजर वर गेली की बुबुळ वरच्या पापणीखाली सरकतं. ट्यूबचं टोक चुकून जवळ आलंच तर ते ओरखड्याच्या जागेवर टेकण्याची शक्यता कमी होते, आणि समोरून टोक येताना दिसलं नाही की माणूस डोळा गच्च मिटून घेत नाही.

मग डाव्या हाताच्या तर्जनीने खालची पापणी हाडाच्या कडेवर टेकवून हलकेच खाली ओढायची. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये गुलाबी अस्तराचा छोटा खळगा उघडतो. मलमाची जागा हीच. ते बुबुळावर नाही, पापणीच्या केसांवर नाही आणि बाहेरच्या कातडीवरही नाही. खळग्यात पडलेलं मलम डोळा मिटला की आपोआप सगळीकडे पसरतं, बुबुळापर्यंत पोचतं. म्हणून ओरखड्यावर नेमकं टाकायची धडपड करायची गरज नसते.

उजव्या हातातली ट्यूब आडवी धरायची. हाताची कड आबांच्या गालावर किंवा कपाळावर टेकवली, तर त्यांचं डोकं हललं तरी हात त्याच्याबरोबर हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. टोक पापणीपासून सुमारे एक सेंटिमीटरवर ठेवून, नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडच्या कोपऱ्याकडे जाताना हळू दाब देत मलमाची रेघ खळग्यात सोडायची. शेवटी ट्यूब किंचित फिरवली की रेघ तुटते. टोक पापणीला पुसून रेघ तोडायची सवय मात्र अजिबात नको. डोळ्यातल्या स्रावाला टेकलेलं टोक ट्यूबच्या आत जंतू नेतं आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच डोळ्यात परत येतात.

स्वतःच मलम घालायचं असेल तर हेच सगळं आरशासमोर करायचं. हात गालावर टेकलेला ठेवायचा आणि रेघ सुटेपर्यंत नजर वर ठेवायची.

किती पिळायचं

डोळ्याच्या बहुतेक मलमांसाठी एका वेळी साधारण १ सेंटिमीटरची रेघ पुरते. करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढी लांबी, असा अंदाज ठेवला तरी चालतं. काही औषधांच्या पत्रकात थोडी लांब रेघ सांगितलेली असते. डॉक्टरांनी किंवा पत्रकाने वेगळं माप दिलं असेल तर तेच धरायचं.

ही रेघ डोळ्याला कमी वाटते, म्हणून पहिल्या दिवशी हात सैल सुटतो. पण खालचा खळगा फार लहान आहे. त्यात मावेल तेवढंच औषध डोळ्याला मिळतं. तिप्पट पिळलं तर वाढलेलं सगळं पापण्यांच्या केसांत अडकतं, गालावर येतं, कातडीला चिकटून राहून लाली आणि खाज आणतं, आणि धूसर दिसण्याचा वेळ विनाकारण वाढवतं. औषधाचा परिणाम तिप्पट होत नाही. उलट, डोळा चिकट होईल या भीतीने टाचणीच्या टोकाएवढंच घातलं, तर दिवसभर डोळ्यात औषध राहावं म्हणून आखलेलं वेळापत्रकच कोलमडतं. परिणाम वाढवायचा असेल तर डॉक्टर दिवसातल्या वेळा वाढवतात, रेघ लांबवत नाहीत.

एका ट्यूबमध्ये साधारण ३ ते ५ ग्रॅम मलम असतं. आबांच्या ५ दिवसांच्या २० रेघांना त्यातलं निम्मंही लागणार नाही. ट्यूब संपली नाही म्हणजे आपण कमी घातलं, असा अर्थ काढायचा नाही.

रेघ पूर्ण बाहेर पडली, खळग्यात काहीच राहिलं नाही, तर पुन्हा एकदा घालायची. थोडी आत, थोडी केसांवर असं झालं असेल तर परत घालू नये. बाहेरचं पुसून पुढच्या वेळेची वाट पाहिलेली बरी.

डोळा मिटल्यावर

पापणी सोडल्यावर आबांनी डोळा अलगद मिटायचा, दाबून नाही. जोरात मिटला की मलम बाहेर ढकललं जातं. मिटलेल्या डोळ्यानेच एक-दोन मिनिटं नजर हळू इकडेतिकडे फिरवली की मलम सगळीकडे पसरतं. चोळायचं नाही, कारण ओरखड्यावर नुकताच उगवू लागलेला नाजूक थर त्याने निघून जातो. बाहेर आलेलं मलम स्वच्छ कापसाने केसांच्या कडेने टिपून घ्यायचं. डोळ्याच्या आत पुसायला जायचं नाही. मग ट्यूबचं तोंड स्वच्छ कापसाने टिपून टोपण लावायचं आणि सूनबाईंनी पुन्हा हात धुवायचे.

डॉक्टरांनी त्याच डोळ्यासाठी थेंबही दिले असतील, तर थेंब आधी घालायचे आणि ५ ते १० मिनिटांनी मलम. क्रम उलटा झाला की पाण्यासारखे थेंब मलमाच्या स्निग्ध थरावरून घसरून जातात.

धूसर का आणि किती वेळ

आबांनी डोळा उघडला आणि भिंतीवरची दिनदर्शिका पुसट दिसू लागली. डोळ्यात शिरणारा उजेड वळवून पडद्यावर एकत्र आणण्याचं सर्वांत मोठं काम डोळ्याच्या आतलं भिंग करत नाही, ते बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्यावरचा अश्रूंचा अतिशय पातळ थर करतात. हा थर गुळगुळीत आणि एकसारखा असेल तरच चित्र स्पष्ट पडतं. मलमाची साय त्यावर तरंगते तेव्हा ती कुठे जाड तर कुठे पातळ असते. उजेड सरळ न जाता विखुरतो. पापणी मिटली की साय हलते, म्हणून दर वेळी धूसरपणाही थोडा बदलतो. डोळ्याच्या आत काही बिघडलेलं नसतं.

साय विरळ झाली की नजर मोकळी होते. काही जणांना पाच-दहा मिनिटं लागतात, बऱ्याच जणांना अर्ध्या तासापर्यंत. मलम घट्ट असेल किंवा रेघ मोठी पडली असेल तर त्याहून थोडा अधिक वेळ. या वेळात दुचाकी, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, कडबाकुट्टी, कोयता, काही हाताळायचं नाही. घरात पायऱ्या असतील तर उतरताना सोबत हवी. एका डोळ्यात मलम असलं तरी खोलीचा अंदाज दोन्ही डोळ्यांच्या मेळाने येतो, त्यामुळे पायरी चुकते.

म्हणून वेळा अशा बसवायच्या की अर्धा तास मोकळा मिळेल. आबांच्या घरात सकाळी चहा-आंघोळ झाल्यावर, दुपारी जेवून आडवं पडण्याआधी, संध्याकाळी फडातून आल्यावर हातपाय धुऊन, आणि रात्री झोपताना अशा चार वेळा ठरल्या. झोपतानाची रेघ सर्वांत उपयोगी पडते. पापणी मिटलेली असल्याने मलम जास्त वेळ टिकतं आणि धूसर दिसण्याचा त्रासही झोपेत निघून जातो. सकाळी पापण्या थोड्या चिकटल्या तर भिजवलेल्या कापसाने सोडवायच्या, ओढून उघडायच्या नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ॲट्रोपिनचं मलम दिलं असेल तर धूसरपणा मलमाच्या सायीमुळे येतो तेवढाच नसतो. ते औषध बाहुली मोठी करतं आणि जवळचं दिसण्यासाठी लागणारा स्नायू सैल ठेवतं. त्याने वाचायला अडचण आणि उजेडाचा त्रास कित्येक दिवस राहू शकतो. ट्यूब मिळाली की डॉक्टरांना विचारून घ्यावं, “हे बाहुली मोठी करणारं आहे का?”

कोणता धूसरपणा मलमाचा नाही

इथे सर्वांत मोठी चूक होते. मलमाने अंधुक दिसतं हे कळल्यावर लोक पुढचा प्रत्येक अंधुकपणा मलमाच्याच खात्यावर टाकतात. यावर एक सोपी तपासणी आहे. रोज मलम घालण्याआधी, म्हणजे मागच्या रेघेला काही तास उलटून गेल्यावर, चांगला डोळा तळहाताने झाकायचा आणि दुखऱ्या डोळ्याने ठरलेल्या जागेवरून त्याच दिनदर्शिकेतल्या तारखा वाचायच्या. चश्मा असेल तर लावून. पहिल्या दिवशी आबांना मोठे आकडे दिसले, बारीक अक्षरं नाही. ओरखडा भरत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे वाचन तेवढंच किंवा अधिक स्पष्ट व्हायला हवं. साधा ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येतो.

मलमाचा धूसरपणा घातल्याबरोबर येतो, पापणी मिटल्यावर बदलतो, अर्ध्या-पाऊण तासात विरतो आणि दुखत नाही. याउलट, पुढची रेघ घालायच्या वेळीसुद्धा कालच्यापेक्षा कमी दिसत असेल, दुखणं किंवा उजेडाचा त्रास वाढत असेल, पू येत असेल, किंवा बुबुळाच्या काळ्या भागावर पांढुरका ठिपका दिसत असेल, तर ते मलमाचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

आबांच्या बाबतीत ही खबरदारी जास्त महत्त्वाची आहे, कारण त्यांना लागलेली वस्तू पिकाची होती. उसाचं पान, भाताचं तूस, ज्वारीचं कुसळ यांच्याबरोबर मातीतली बुरशी बुबुळाच्या जखमेत जाऊ शकते. बुरशीचा व्रण सावकाश वाढतो. सुरुवातीचे काही दिवस बरं वाटतं, मग आठवड्या-दोन आठवड्यांत पिसारलेल्या कडांचा करडा-पांढरा ठिपका दिसू लागतो. अँटिबायोटिक मलम जीवाणूंवर काम करतं, बुरशीवर नाही. म्हणून ५ दिवस मलम घातलं की काम झालं असं समजू नये. डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख पाळावी आणि दिनदर्शिका वाचायची तपासणी दोन आठवडे चालू ठेवावी.

याच कारणाने औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याची ट्यूब द्या’ असं सांगून मलम आणू नये. काही ट्यूबमध्ये अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. वेष्टनावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. ते लाली आणि दुखणं पटकन कमी करतं, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. आत मात्र बुरशीला किंवा नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसच्या विषाणूला मोकळं रान मिळतं आणि व्रण खोल जातो. डोळा तपासून डॉक्टरांनी दिलं असेल तरच ते घालायचं, आणि सांगितलेले दिवस संपले की थांबायचं. फार दिवस घातलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

मलम घालूच नये अशी एक वेळ असते. धारदार वस्तूने, तारेने किंवा हातोडीच्या ठिणगीने डोळा फुटल्याची शंका असेल, बाहुलीचा आकार वेडावाकडा दिसत असेल, एकदम दिसेनासं झालं असेल, तर डोळ्यात काहीही घालायचं नाही, धुवायचं नाही, दाबायचं नाही. कागदी पेल्यासारखं कडक काहीतरी डोळ्यावर दाब न येता झाकून सरळ रुग्णालय गाठायचं. मलम आत शिरलं तर शस्त्रक्रियेत अडचण होते.

मलमाचीच ॲलर्जी झाली तर पापण्या सुजतात, लाल होतात आणि खाज सुटते. निओमायसिन असलेल्या मलमांत हे जास्त आढळतं. सुरुवातीला बरं वाटून तीन-चार दिवसांनी खाज वाढत गेली तर मलम थांबवून डॉक्टरांना कळवायचं. अशा वेळी आणखी मलम घालत राहिल्याने डोळा अधिकच सुजतो.

उरलेल्या ट्यूबचं काय करायचं

ट्यूब उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवायची. उघडल्यापासून चार आठवड्यांनी ती टाकून द्यायची, आत कितीही मलम उरलं असलं आणि वेष्टनावरची मुदत पुढच्या वर्षाची असली तरीही. ती मुदत न उघडलेल्या ट्यूबची असते. दोन माणसांनी एक ट्यूब वापरायची नाही. एकाच माणसाचा एक डोळा आलेला असेल तर तीच ट्यूब दुसऱ्या डोळ्यालाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावायची नाही.

आबांचा डोळा बरा झाल्यावर अर्धी भरलेली ती ट्यूब फडताळात राहिली, तर पुढच्या तोडणीत कुणाच्या तरी डोळ्याला पान लागेल आणि तीच ट्यूब पुढे येईल. तेव्हा तिच्या आतलं मलम निर्जंतुक राहिलेलं नसेल आणि नव्या जखमेत काय शिरलंय हे निळ्या उजेडात कुणी पाहिलेलंही नसेल. म्हणून आबांची शेवटची तपासणी होऊन डॉक्टरांनी ‘आता पुरे’ म्हटलं की ट्यूब पिळून रिकामी करून टाकून द्यावी, आणि फडात जाणाऱ्या प्रत्येकाला साधा पारदर्शक चश्मा घेऊन द्यावा.